‘फोन कपाटात टाका’ हा सल्ला नीट पीजीला लागू पडत नाही

निर्धार_एमबीबीएस (मूळ पोस्ट): इंटर्नशिप संपवून घरी बसलेली मुलं दिवसभर इन्स्टावर असतात आणि रँक आली नाही की रडतात. उपाय सोपा आहे. स्मार्टफोन कपाटात, हातात बटणांचा फोन आणि दहा महिने जगाशी संबंध बंद. एवढंही जमत नसेल तर रेडिओलॉजीची स्वप्नं बघू नका.

रात्रपाळी: राग आला म्हणून सविस्तर लिहितोय. फोन कपाटात गेला तर अभ्यास कशावर करायचा? क्यूबँक, व्हिडिओ, ग्रँड टेस्ट, सगळं ॲपवर. लॅपटॉपवर घेतलं तरी लॉगिनचा ओटीपी फोनवरच येतो. माझ्या बॅचच्या काही जणांनी बटणांचा फोन घेऊन पाहिला. सिम त्यात गेलं की यूपीआय बंद, मग मेसमध्ये आणि झेरॉक्सवाल्याकडे सुट्ट्या पैशांची बोंब. आठवडाभरात सिम परत स्मार्टफोनमध्ये आणि कपाटही विसरलं.

वेळ जातो कुठे ते आधी बघा. प्रश्न सोडवताना कोणी इन्स्टा उघडत नाही, कारण घड्याळ चालू असतं. गळती लागते ती उत्तरं तपासताना. समजा प्रश्न आहे: पोटॅशियम 7.2, ईसीजीत टी वेव्ह टोकदार, आधी काय द्याल? तुम्ही इन्सुलिन-डेक्स्ट्रोज निवडलं, उत्तर निघालं कॅल्शियम ग्लुकोनेट. स्पष्टीकरण सांगतं की कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाला तेवढ्यापुरतं संरक्षण मिळतं. आता वाटतं, ईसीजीतले बदल क्रमाने एकदा बघून घेऊ. यूट्यूब उघडलं, खाली शॉर्ट्स दिसले आणि अर्धा तास गेला. सुरुवात अभ्यासानेच झालेली असते, त्यामुळे मनाला टोचतही नाही.

मी दोन गोष्टी केल्या. पेपर संगणकावर असतो, 200 प्रश्न, 40-40 चे पाच भाग, प्रत्येकाला 42 मिनिटं, आणि भाग संपला की मागे जाता येत नाही. म्हणून सरावही लॅपटॉपवर, 40 प्रश्न 42 मिनिटांत, आणि तेवढा वेळ फोन आईच्या खोलीत. दुसरं म्हणजे तपासताना शेजारी कोरा कागद. शंका आली की एका ओळीत लिहायची आणि संध्याकाळी सगळ्या एकदम बघायच्या. बऱ्याच शंका तोवर पुढच्या प्रश्नांच्या स्पष्टीकरणातच सुटतात. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका, होमपेज रिकामं येतं. मग जे हवंय ते टाइप केल्याशिवाय समोर काही येत नाही.

लातूरची_आई: माझ्या मुलीच्या हॉस्टेलवर रिपीटच्या वर्षी फोनला बंदीच होती. रविवारी बटणांच्या फोनवरून बोलायची. मिळालं ना सरकारी एमबीबीएस! तुमच्या पिढीला कारणं फार सुचतात.

रात्रपाळी: काकू, ती यूजी. तिथे छापील नोट्स, ओएमआर शीट आणि रोज समोर उभे राहणारे सर. पीजीला मुलगा घरी एकटा असतो आणि सरही स्क्रीनमध्येच असतात. तुमच्या मुलीची मेहनत खरी आहे, पण परीक्षा वेगळी आहे.

टायमरवाला: एवढा खटाटोप कशाला? डिजिटल वेलबीइंगमध्ये इन्स्टाला अर्धा तास लावून ठेवा, विषय संपला. मी तेच केलं.

रात्रपाळी: टायमर काढायला दोन टॅप लागतात. शिवाय तो मध्यरात्री नव्याने सुरू होतो. रात्री जागून अभ्यास करणाऱ्याला बाराच्या ठोक्याला नवा अर्धा तास मिळतो, तोही सगळ्यात थकलेल्या वेळी. आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइमचा पासकोड भावंडाला सेट करू द्यावा, तो त्यातल्या त्यात टिकतो.

टायमरवाला: बाराचं बरोबर आहे. पण मला दोन टॅपचाही कंटाळा येतो, म्हणून माझं भागलं.

बावीस_जून: तुम्ही सगळे ज्या गोष्टीवर बोलत नाही ती मी बोलतो. 2024 ची परीक्षा 23 जूनला होती. मी एसटीने दुसऱ्या शहरात जाऊन लॉजवर उतरलो होतो. आदल्या रात्री टेलिग्रामवर कळलं की परीक्षा पुढे गेली. शेवटी झाली 11 ऑगस्टला. ‘जगाशी संबंध बंद’ वाला सकाळी सेंटरच्या गेटवर एकटाच उभा राहिला असता. आम्ही ग्रुप हौसेने बघतो का? बोर्डाने भरवसा घालवला म्हणून बघतो!

पॅथोची_ज्युनिअर: एक रात्र खरी ठरली म्हणून वर्षभर ग्रुप बघायचे? 2025 घ्या. 30 मे ला सुप्रीम कोर्टाने एकाच पाळीत घ्या म्हटलं, 2 जूनला बोर्डाने 15 जूनची परीक्षा पुढे ढकलली, 6 जूनला 3 ऑगस्टची परवानगी मिळाली. त्या आठवड्यात खऱ्या बातम्या एवढ्याच. ग्रुपवर मात्र रात्रंदिवस ‘आतल्या गोटातून’ चालू होतं. माझ्या रूममेटचं तिसरं रिव्हिजन तिथेच थांबलं ते परत सुरू झालंच नाही.

बावीस_जून: आणि शहर पुन्हा निवडायची खिडकी? 13 ते 17 जून. ग्रुपवर नसतो तर चुकली असती.

पॅथोची_ज्युनिअर: पाच दिवस उघडी होती. रात्री जेवणानंतर natboard.edu.in एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं. आम्ही तिघींनी पाळी लावली होती. एक जण बघणार, काही असेल तरच बाकीच्यांना कॉल. बाकी वेळ टेलिग्राम फोनवर नव्हतंच.

बावीस_जून: तुम्हाला तिघी होत्या. मी तालुक्याच्या गावात एकटा बसून अभ्यास करत होतो. ग्रुप सोडला तर पेपरबद्दल बोलायला कोणी नव्हतं. घरच्यांना ‘कट-ऑफ’ म्हणजे काय हेही माहीत नाही. हे उपदेश करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

पॅथोची_ज्युनिअर: एकटेपणाचं मी नाकारत नाही. पण दोन हजार अनोळखी घाबरलेल्या मुलांच्या ग्रुपने तो जातो हे मला पटत नाही. एका माणसाशी रोज फोनवर बोल. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र ग्रुप बघावाच लागतो, तेवढं मान्य.

बावीस_जून: तेवढं तरी मान्य केलंत, पुष्कळ झालं.

निर्धार_एमबीबीएस: यूपीआयचं माझ्या डोक्यात नव्हतं, ठीक आहे. पण तुमचा हा कागद आणि आईची खोली शेवटी फोन लांब ठेवण्याचाच प्रकार आहे. मी वेगळं काय म्हणालो?

रात्रपाळी: तुम्ही दहा महिने म्हणालात, मी 42 मिनिटं. दहा महिन्यांचा नियम मोडला की मुलगा सगळंच सोडून देतो. 42 मिनिटांचा मोडला तर पुढच्या ब्लॉकला परत पाळता येतो.

इंटर्न_वॉर्ड_सात: मधेच विचारतो. मी अजून इंटर्नशिपमध्ये आहे. युनिटचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडता येत नाही, रेसिडेंट तिथेच काम टाकतात. फोन बाजूला ठेवून व्हॉट्सॲप फक्त लॅपटॉपवर चालवलं तर?

पॅथोची_ज्युनिअर: चालेल, पण मूळ फोनवर 14 दिवस व्हॉट्सॲप उघडलं नाही तर लॅपटॉपवरून लॉगआउट होतं. आठवड्यातून एकदा उघडत जा. रेसिडेंटला सांगून ठेव, अर्जंट असेल तर कॉल करा.

इंटर्न_वॉर्ड_सात: कॉल कोणी करत नाही हो. ग्रुपवर नाव टाकतात आणि पाच मिनिटांत ‘ओके सर’ आलं नाही की राउंडला सगळ्यांसमोर ऐकवतात.

रात्रपाळी: मग लॅपटॉपवर नको, ब्लॉक सोडवताना तीच स्क्रीन समोर असते. फोनवरच त्या एका ग्रुपला वेगळी नोटिफिकेशन टोन लाव, बाकी सगळे म्यूट आणि आर्काइव्ह. फोन हाताला लागणार नाही पण आवाज येईल इतका लांब ठेव. आणि पूर्ण 40 चे ब्लॉक ड्यूटीच्या दिवशी लावू नकोस, ते तुटणारच. त्या दिवशी आधीच्या ब्लॉकची उत्तरं तपास, ते काम मधे थांबलं तरी चालतं.