मदत हवी आहे: वडिलांचं डिस्चार्ज कार्ड आईला वाचता येईल असं कसं लिहू?

बागाईतदार

नमस्कार मंडळी. वडील ६७ वर्षांचे, गाव पिंपळगाव बसवंतजवळ. गेल्या गुरुवारी पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून नाशिकला आणलं. उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. परवा सोमवारी घरी सोडलं. माझी नोकरी सातपूरला, राहणं इंदिरानगरला, त्यामुळे रोज गावी जाणं होत नाही. औषधं सगळी आईच्या हातात. ती चौथी शिकलेली आहे, मराठी सावकाश पण नीट वाचते. इंग्रजी येत नाही.

कार्ड तीन पानांचं, सगळं इंग्रजीत. काल रात्री फोनवर आई म्हणाली, "अरे, ती बारकी गोळी दोन्ही वेळा जिभेखाली देते आहे, पण यांना गरगरतंय." ती सॉर्बिट्रेट होती! कार्डावर पुढे फक्त एसओएस, म्हणजे लागेल तेव्हाच, एवढंच लिहिलंय. पिशवीत बाकीच्या गोळ्यांबरोबर आली म्हणून तिने तीही सकाळ-संध्याकाळ सुरू केली. मी रात्रीच ती थांबवली, हॉस्पिटलला फोन करून कळवलं आणि शेजारच्या मुलाला बीपी बघायला लावलं. बीपी ठीक आहे. पण माझी झोप उडाली.

म्हणून मराठीत एक कागद करतो आहे. औषधं, धोक्याची लक्षणं आणि पुढची तपासणी असे तीन भाग वेगळे. कार्डावरची औषधं अशी: अ‍ॅस्पिरिन ७५ दुपारी, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-रात्र, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ८० रात्री, मेटोप्रोलॉल २५ सकाळी, रॅमिप्रिल २.५ रात्री, पँटोप्राझोल ४० सकाळी उपाशीपोटी, आणि लागेल तेव्हा सॉर्बिट्रेट ५. मी ओळीला ओळ भाषांतर केलंय, पण वाचून मलाच ते पाठ्यपुस्तकासारखं वाटतंय. कसं करू?

मुंबईनाका

क्लेमसाठी हवं असेल तर भाषांतराची गरज नाही. विमावाल्यांना इंग्रजीच चालतं. फक्त मूळ बिलं आणि स्टेंटचं स्टिकर जपून ठेवा, माझं स्टिकरवरच अडलं होतं.

बागाईतदार

दादा, क्लेम झालाय. हा कागद आईसाठी आहे.

वॉर्ड_सात

भाऊ, मी एकतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. भाषांतर जरा बाजूला ठेवा. आधी घरातला औषधांचा जुना डबा उघडा. अ‍ॅटॅक यायच्या आधी वडील काय काय घेत होते, ते इथे लिहा. कार्डावर नव्या गोळ्या असतात. जुन्यांचं काय करायचं ते बहुतेक वेळा नसतंच, आणि घोटाळा तिथे होतो.

बागाईतदार

आईला डबा उघडायला लावला. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा (साखरेसाठी), अ‍ॅम्लोडिपिन ५ सकाळी, गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेली एक कॅप्सूल, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, दुखेल तेव्हा. कॅप्सूलच्या पाकिटावर अ‍ॅस्पिरिन ७५ आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० असं दोन्ही आहे. ताई, आई हीसुद्धा देतेच आहे. "ती तर रोजचीच आहे ना," म्हणाली.

वॉर्ड_सात

हेच बघायचं होतं. म्हणजे अ‍ॅस्पिरिन दिवसाला १५० झालं, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ९०. टिकाग्रेलॉरबरोबर रोजचं अ‍ॅस्पिरिन १०० च्या आत ठेवतात. जास्त झालं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि टिकाग्रेलॉरचा उपयोगही कमी होतो. आत्ताच हॉस्पिटलला फोन करून या कॅप्सूलबद्दल विचारा. डायक्लोफेनॅकबद्दलही विचारा, हृदयाच्या पेशंटला आणि या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ते नको असतं.

मेटफॉर्मिन कार्डावर दिसत नाही, पण ते बंद केलंय असं समजू नका. अँजिओग्राफीच्या रंगाच्या औषधामुळे ते दोन दिवस थांबवतात. "हॉस्पिटलमधील उपचार" असा जो मोठा परिच्छेद असतो ना, तो नीट वाचा.

बागाईतदार

सापडलं. दुसऱ्या पानावर, मधल्या ओळीत: क्रिएटिनिन नॉर्मल असल्यास ४८ तासांनी मेटफॉर्मिन सुरू करणे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, तिसऱ्या पानावर आहे, १.०, नॉर्मल. म्हणजे शनिवारीच सुरू व्हायला हवं होतं. औषधांच्या यादीत ते नाहीच, आणि आई यादीच बघते.

हॉस्पिटलला फोन लावला. वीस मिनिटांनी निवासी डॉक्टर बोलले, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. कॅप्सूल बंद. अ‍ॅम्लोडिपिन बंद, त्याऐवजी रॅमिप्रिल दिलंय. मेटफॉर्मिन आज रात्रीपासून पूर्वीसारखं. डायक्लोफेनॅक अजिबात नाही, गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल ५००, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही.

वॉर्ड_सात

आता औषधांचा भाग लिहायला घ्या. त्यात दोन चौकटी करा, "द्यायच्या" आणि "बंद". बंद गोळ्यांची नावं कागदावर हवीतच, नाहीतर महिन्याने कोणीतरी ती पाकिटं परत आणून देईल. आणि तीन पाकिटं डब्यातून काढून घरी घेऊन या.

सिन्नरची_लेक

माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्ही पुठ्ठ्यावर एकेक गोळी चिकटवली होती. गुलाबी सकाळी, पांढरी रात्री. पहिला महिना फार छान गेला. पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, ते निघालं पांढरं. आईने रक्तदाबाची गोळी नऊ दिवस घेतलीच नाही, कारण "गुलाबी संपली". रंगावर जाऊ नका.

बागाईतदार

मी नेमका रंगाचा रकाना केला होता! काढतो.

पंचवटीकर

मी मेडिकलमध्ये बसतो. कंपनीचं नाव आणि आतल्या औषधाचं नाव दोन्ही लिहा. पाकीट बदललं तरी आतलं नाव तेच राहतं. आईंना इंग्रजी येत नसेल तर प्रत्येक पाकिटावर मार्करने मराठीत नाव लिहून द्या, नवीन पाकीट आलं की मेडिकलवाल्याकडूनच लिहून घ्या. शेवटची गोळी असते त्या टोकाला एक्स्पायरी असेल तर तिथे लिहू नका.

आणि सॉर्बिट्रेटचं लिहा: दुखलं की एक जिभेखाली, पाच मिनिटांनी दुसरी, परत पाच मिनिटांनी तिसरी, तरी थांबलं नाही तर गाडी काढायची.

वॉर्ड_सात

पाकिटाचं अगदी बरोबर. सॉर्बिट्रेटचं अर्धंच बरोबर आहे. तीन गोळ्या होईपर्यंत वाट बघायची नाही, त्यात पंधरा मिनिटं जातात. आता सांगतात ते असं: आधी बसवायचं, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडतात. एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, की लगेच १०८. दुसरी गोळी अँब्युलन्स येईपर्यंतच्या वेळात. आणि ही गोळी औषधांच्या भागात नको, धोक्याच्या भागात लिहा. त्या गोळीला वेळ नाही, प्रसंग आहे. रोजच्या गोळ्यांच्या ओळीत बसली म्हणून तर ती रोज दिली गेली.

पंचवटीकर

मान्य. आम्हाला पूर्वी तीनच शिकवलं होतं.

बागाईतदार

रविवारी गावी जाऊन आलो. कागद हा असा झालाय. औषधं मी घड्याळाऐवजी घरातल्या कामाला बांधली, कारण वडील सहाला बागेत चक्कर मारून येतात आणि न्याहारी कधी साडेआठला, कधी साडेनऊला होते.

*उठल्यावर, चहाच्या आधी:* पँटोप्राझोल १ (पित्त होऊ नये म्हणून).
*न्याहारी झाल्यावर:* टिकाग्रेलॉर १ (स्टेंट बंद पडू नये म्हणून), मेटोप्रोलॉल १ (हृदयाचे ठोके आवरायला, चावायची नाही, कुटायचीही नाही), मेटफॉर्मिन १ (साखर).
*दुपारी जेवल्यावर:* अ‍ॅस्पिरिन १ (हीही स्टेंटसाठी).
*रात्री जेवल्यावर:* टिकाग्रेलॉर १, मेटफॉर्मिन १, रॅमिप्रिल १ (रक्तदाब आणि हृदय), अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १ (चरबी).
*स्टेंटच्या दोन गोळ्या कोणीही सांगितलं तरी बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी मला फोन.*

धोक्याच्या भागात दोन चौकटी केल्या. *लगेच १०८:* छातीत दुखलं आणि बसवून एक सॉर्बिट्रेट जिभेखाली देऊनही पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा वाढलं तर, दरदरून घाम, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, मनगटातून रक्त आलं आणि अंगठ्याने दहा मिनिटं न सोडता दाबूनही थांबलं नाही तर. *त्याच दिवशी फोन:* डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, उभं राहताना चक्कर, पायावर सूज, मनगटाला गाठ किंवा पू.

आईला "समजलं का" विचारलं नाही. म्हणालो, "आज रात्री काय काय काढशील, दाखव." तिने पाच काढल्या. पाचवी अ‍ॅस्पिरिन. विचारलं तर म्हणाली, "दुपारी हे बागेत डबा नेतात, राहून जाते, म्हणून रात्री." म्हणजे चूक कागदाची होती. डॉक्टरांना विचारून अ‍ॅस्पिरिन न्याहारीनंतरच्या ओळीत आणली.

वॉर्ड_सात

शाब्बास. तपासणीचा भाग कुठे आहे? "सात दिवसांनी" एवढंच लिहू नका.

बागाईतदार

तेच लिहिलं होतं. आता असं: *उद्या सोमवारी दुपारी चार वाजता, मी स्वतः न्यायला येणार.* क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि उपाशीपोटीच्या साखरेसाठी शनिवारीच पिंपळगावला रक्त दिलं, रिपोर्ट हातात आहे. उपाशी असताना साखरेची गोळी दिली नाही, न्याहारीनंतर दिली. बरोबर न्यायचं: कार्ड, रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी, सगळ्या गोळ्यांची पिशवी.

एकच अडलंय. टिकाग्रेलॉरने काहींना थोडी धाप लागते असं डॉक्टर म्हणाले. ते कागदावर लिहू का?

वॉर्ड_सात

मी लिहिणार नाही. खरी धाप लागली तरी आई म्हणतील, गोळीमुळे आहे.

सिन्नरची_लेक

ताई, मला उलट वाटतं. सांगितलं नाही तर काका घाबरून गोळीच सोडतील. माझ्या मामांनी सोडली होती.

वॉर्ड_सात

तुमचंही खरं आहे. मग कारण न लिहिता "धाप लागली तर गोळी चालू ठेवून फोन, बसल्या जागी किंवा आडवं होता येणार नाही इतकी लागली तर १०८" असं लिहून बघा. तरी उद्या डॉक्टरांनाच विचारा.

बागाईतदार

तसंच लिहितो. कागदाच्या मागच्या बाजूला उद्याचे प्रश्न लिहून ठेवलेत: धापेचं काय, टिकाग्रेलॉर किती महिने, आणि वडिलांचा एकच, तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय: "ट्रॅक्टर कधी चालवू?" कार्डावर याचं उत्तर कुठेच नाही.