कंटाळ्यातली तलफ आणि अर्ज सर्फिंग : तुमचे अनुभव लिहा

मेधा
सिगरेट सोडण्याचा विषय निघाला की बोलणं ताणावर जातं. मला कंटाळ्यातल्या सिगरेटबद्दल बोलायचंय. हातातलं काम संपलंय, पुढचं सुरू व्हायला अवकाश आहे, बोलायला कोणी नाही, आणि हात पाकिटाकडे जातो. ही सिगरेट धड चवीने ओढलीही जात नाही. अर्धी होईपर्यंत लक्ष भलतीकडे गेलेलं असतं.

या सिगरेटसाठी मला अर्ज सर्फिंगचा उपयोग झाला. तलफ दाबायची नाही, पुरवायचीही नाही. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते, ते अंगात होताना पाहायचं. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांनी नेमकं काय केलं आणि कुठे अडलं ते लिहा.

माझा एक प्रसंग सविस्तर सांगते. दुपारची वेळ होती, एक मोठी फाइल डाउनलोड होत होती, आणि ती होईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. खुर्चीतून उठायच्या आधी मी मनात म्हटलं, "कंटाळा आलाय." मग वेगळं म्हटलं, "तलफ आलीये." ही दोन वाक्यं मी मुद्दाम वेगळी ठेवते, कारण एरवी मला ती एकच गोष्ट वाटते.

पाय जमिनीला टेकवले, नजर खाली सोडली, तीन-चार श्वास जसे येतील तसे येऊ दिले. मग तलफ अंगात कुठे आहे ते शोधलं. माझी घशाच्या तळाशी असते, आतून ओढल्यासारखी. तोंडाला पाणी सुटतं आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप जवळ येतात. त्यातला घसा निवडला आणि तिथेच राहिले. ओढ पसरतेय की आकसतेय, सलग आहे की मधून मधून, एवढंच पाहायचं. शून्य ते दहाच्या मापात ती पाच होती, मग सात झाली. तिथेच "एकच ओढू, मग काम नीट होईल" असं मनात आलं. त्याला नुसतं "विचार" म्हटलं आणि पुन्हा घशाकडे आले. सातवर ती बराच वेळ रेंगाळली. नंतर पाहिलं तेव्हा तीनवर आली होती. थोड्या वेळाने पुन्हा चढली, पण चारच्या वर गेली नाही.

संदीप
मी हेच करतो. तलफ तीन मिनिटांत जातेच, हा नियम आहे. मी टायमर लावतो आणि तेवढा वेळ मोबाइलवर गेम खेळतो. टायमर वाजेपर्यंत तलफ गेलेली असते. हेच ते सर्फिंग ना?

निरंजन
मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो. संदीप, तुमची युक्ती चालत असेल तर सोडू नका, पण ते लक्ष वळवणं झालं. सर्फिंगमध्ये लक्ष तलफेवरच ठेवतात. एकेक लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते हे खरं, पण तीन मिनिटांचा नियम धरू नका. चौथ्या मिनिटाला ती तशीच असली की "मला जमत नाही" असं वाटतं, आणि सिगरेट पेटते ती तिथे.

कंटाळ्यात ओढणाऱ्याला आणखी एक अडचण येते. गेम हीसुद्धा कंटाळ्यातून सुटका आहे. म्हणजे रिकामा वेळ आला की तोंडात किंवा हातात काहीतरी हवंच, हा धडा तसाच राहतो. मोबाइल चार्जिंगला लावलेला असला की लगेच सिगरेट आठवते, असं अनेक जण सांगतात.

ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी मांडली. 2009 मध्ये सारा बोवेन आणि मार्लाट यांनी कॉलेजमधल्या सिगरेट ओढणाऱ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना तलफेकडे असं पाहायला शिकवलं, त्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली नव्हती. तरी पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगरेटी कमी ओढल्या. म्हणून मी लोकांना सांगतो, तलफ गेली का हे मोजू नका. ती असताना हात कुठे होता ते बघा.

आपण पाहतोय की झुंजतोय, हे शरीरावरून कळतं. जबडा आवळलेला, श्वास रोखलेला आणि दर दोन सेकंदांनी "गेली का?" अशी चौकशी चालू असेल, तर ती झुंज आहे. अशा वेळी जबडा सैल सोडायचा आणि तलफेला "थांब हवं तितकी" म्हणायचं. हे खरोखर मनापासून म्हणावं लागतं, नाहीतर तीही तिला घालवायचीच एक क्लृप्ती होते.

वसंत
मी उठल्या उठल्या अंथरुणातच पहिली ओढतो. तेव्हा करायला काही नसतं, म्हणजे ही पण कंटाळ्याचीच म्हणायची का? बसून पाहायचा प्रयत्न केला, पण चिडचिड एवढी होते की बसवत नाही.

निरंजन
वसंतराव, ती कंटाळ्याची नसावी. शरीरातलं निम्मं निकोटिन साधारण दोन तासांत उतरतं, म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर फारसं उरतच नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागणं ही शरीराला निकोटिनची सवय जडल्याची खूण मानतात. नुसतं पाहत बसून ती भागवण्याचा हट्ट करू नका. डॉक्टरांना विचारून पॅच किंवा निकोटिनची च्युइंगम घ्या. सर्फिंगचा सराव दुपारच्या सौम्य तलफेवर करा; दहापैकी तीन-चारची असते ती.

पल्लवी
माझी तलफ छातीत असते. तिथे लक्ष नेलं की धडधड वाढते आणि घाबरायला होतं. मग सिगरेट ओढूनच शांत व्हावं लागतं. मेधाताई, तुम्हाला असं कधी झालं का?

मेधा
मला नाही झालं, पण माझ्या मैत्रिणीला होतं. ती छातीकडे जातच नाही. डोळे उघडे ठेवून तळपायांकडे लक्ष देते, आणि अधूनमधून क्षणभर छातीकडे डोकावून परत पायांकडे येते. तिला तेवढं पुरतं.

निरंजन
हे योग्य आहे. मात्र तलफ नसतानाही धडधड होत असेल तर आधी तपासून घ्या.

कौस्तुभ
मला यातली एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तलफ ओसरते, मान्य. पण कंटाळा ओसरत नाही, कारण वेळ तसाच रिकामा असतो. मी लाट पार करतो आणि दहा मिनिटांनी दुसरी येते, मग तिसरी. तिसरीला थकतो. आता मी पहिली लाट बसून पाहतो आणि लगेच उठून हाताचं काम घेतो, कपाट आवरणं किंवा सायकल पुसणं. ते काम आधीच ठरवून ठेवतो, कारण त्या वेळी काहीच सुचत नाही.

मेधा
मी उलट करते. तलफ उतरल्यावर पाहायची जागा बदलते आणि कंटाळ्याकडेच बघते. माझा कंटाळा पोटऱ्यांत असतो, सारखं उठावंसं वाटतं. तोही वरखाली होतो, हे मला फार उशिरा कळलं. पण तो तलफेसारखा पटकन ओसरत नाही, हे तुझं खरं आहे.

निरंजन
दोन्ही चालतं. क्रम मात्र कौस्तुभने सांगितला तोच ठेवा. आधी पाहणं, मग काम. काम आधी घेतलं तर लाट पाहायची राहूनच जाते.

संदीप
उद्या गेमशिवाय करून बघतो. टायमर मात्र ठेवणार, त्याशिवाय मला बसवणार नाही.