देवळाली कॅम्पमधील स्कूटरची जाहिरात: आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय तपासावे?

इंदिरानगरकर
नमस्कार. मुलीला गंगापूर रोडवरील महाविद्यालयात जाण्यासाठी जुनी ॲक्टिव्हा घ्यायची आहे. जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर २०२१ ची, एमएच-१५ पासिंगची गाडी ३२ हजारांना दिसली. त्याच वर्षाच्या इतर गाड्यांचे लोक पन्नास हजारांच्या आसपास मागत आहेत. विक्रेते देवळाली कॅम्पला लष्करात असून बदली झाल्यामुळे गाडी घाईने काढत असल्याचे सांगतात. ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार आणि आरसी यांचे फोटो त्यांनी न मागताच पाठवले. गाडीचा क्रमांक मी एम-परिवहनवर टाकून पाहिला, तर मॉडेल आणि नोंदणीची तारीख जुळते, शिवाय मालकाच्या नावाची जी अक्षरे दिसतात तीही आरसीशी जुळतात. गाडी युनिटच्या पार्सल विभागात जमा आहे, २,१५० रुपये भरले की ती घरपोच येईल आणि ही रक्कम किमतीतून वजा होईल, असे ते म्हणतात. सगळी कागदपत्रे जुळत असताना एवढी रक्कम द्यायला हरकत आहे का?

सिडको_संदीप
ताई, समोरच्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका आणि पैशांची मागणी करणारी रिक्वेस्ट आली तर मंजूर करू नका. फसवणूक तिथेच होते. तुम्ही स्वतःहून त्यांच्या नंबरवर रक्कम पाठवलीत, तर तिची नोंद बँकेत राहते आणि तक्रार केल्यावर ती परत मिळते.

मेघा_नाशिकरोड
माझाही अनुभव असाच आहे. मी घरातील सोफा विकायला काढला होता, तेव्हा एकाने न पाहताच पूर्ण किंमत मान्य केली आणि पैसे जमा करण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे मुलाने वेळेत सांगितले, म्हणून वाचले. ताई, पिन टाकू नका.

पेठरोड_जुनी_दुचाकी
मेघाताईंचे म्हणणे खरे आहे, पण ते विकणाऱ्यासाठी. इथे ताई घेणार आहेत, त्यामुळे पिन त्यांना टाकावाच लागेल आणि धोका वेगळ्या जागी आहे. संदीप, पैसे मागणारी, व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची कलेक्ट रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली आहे. आपण स्वतः पाठवलेली रक्कम तक्रारीनंतर परत मिळते, ही समजूत तर घातक आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवले आणि रक्कम पुढच्या खात्यात अजून शिल्लक असली, तरच ती गोठवली जाण्याची आशा असते.

आता कागदपत्रांविषयी. ताई, तुम्ही जे जुळवलेत त्यावरून त्या क्रमांकाची गाडी आणि त्या नावाचा मालक अस्तित्वात आहे, एवढेच कळते. तुमच्याशी बोलणारा माणूस तोच मालक आहे का आणि गाडी त्याच्या ताब्यात आहे का, हे त्यातून कळत नाही. भामटे आधी गिऱ्हाईक बनून खऱ्या विक्रेत्यांकडून आरसी आणि आधारचे फोटो मागवून घेतात आणि तेच पुढच्या माणसाला दाखवतात. म्हणून न मागता आलेल्या ओळखपत्रांना मी काडीचीही किंमत देत नाही, उलट त्यांच्यामुळेच सावध होतो.

विक्रेत्याला असे काम सांगावे, जे गाडीजवळ उभा असलेला माणूसच करू शकतो. व्हिडिओ कॉल लावा. नंबर प्लेटपासून सुरुवात करून, कॅमेरा न थांबवता, गाडीवर कोरलेल्या चासी क्रमांकापर्यंत यायला सांगा आणि तो क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी अंकन्‌अंक ताडून पाहा. मग चावी लावून काट्यावरचे किलोमीटर दाखवायला सांगा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही, मधेच तुम्ही सांगाल ते दाखवता आले पाहिजे. आरसीवर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लॅमरोड_निवृत्त_हवालदार
मी लष्करातून निवृत्त होऊन देवळालीतच स्थायिक झालो आहे. जवानाची खासगी गाडी विकून ती गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवणारा पार्सल विभाग कोणत्याही युनिटमध्ये नसतो. बदली झालेला जवान गाडी सोबत नेणार असेल तर रेल्वेच्या पार्सल कार्यालयात स्वतः बुक करतो आणि विकणार असेल तर गेटबाहेर आणून दाखवतो. तुम्ही नाशिकमध्येच राहता, तेव्हा लॅम रोडवर भेटायला सांगा. वर्दीच्या नावावर लोकांचा विश्वास आहे आणि त्याचाच असा वापर होतो, याचे मला मनापासून दुःख होते.

सिडको_संदीप
कलेक्टबाबतची दुरुस्ती मान्य. मग व्हिडिओ कॉलवर गाडी दिसली आणि चासी क्रमांक जुळला, तर टोकन द्यायला हरकत नसावी.

पेठरोड_जुनी_दुचाकी
तरीही आहे, कारण गाडी खरी असूनही पैसे भलत्याच्या खात्यात जाऊ शकतात. गेल्या वर्षी माझ्याकडे ट्रान्सफरच्या कामासाठी आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत असेच झाले. पंचवटीतील एका मालकाने बाइक ५५ हजारांना काढली होती. तिसऱ्याच माणसाने त्यांचे फोटो उचलून तीच गाडी ४० हजारांना टाकली. मालकाला तो म्हणाला, "माझा मेव्हणा गाडी बघायला येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका, पैसे मी देतो." गिऱ्हाइकाला म्हणाला, "गाडी माझ्या भावाकडे आहे, घरगुती वाद आहे, त्याच्यासमोर व्यवहार काढू नका." गृहस्थांनी गाडी चालवून पाहिली, मूळ आरसी हातात घेतली, अंगणातच उभे राहून फोनवरील माणसाला ४० हजार पाठवले आणि चावी मागितली. मालक म्हणाले, माझ्याकडे एक रुपयाही आलेला नाही.

किमतीचे बोलू नका, असे कोणी सांगितले की समोर उभ्या असलेल्या मालकालाच विचारावे, "तुम्ही किती घेणार आणि कोणत्या खात्यात?" यूपीआयवर रक्कम पाठवण्यापूर्वी बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. ते आरसीवरच्या नावाशी जुळले नाही, तर हात आखडता घ्या.

लॅमरोड_निवृत्त_हवालदार
माझ्या मते प्रत्यक्ष भेट होऊन सगळे कागद हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

पेठरोड_जुनी_दुचाकी
तेवढे कडक मी म्हणणार नाही. मालक समोर बसलेला आहे, आरसी, ओळखपत्र आणि खाते एकाच नावाचे आहे आणि बँकेची एनओसी यायची आहे, अशा वेळी हजार-पाचशे देऊन साध्या कागदावर पावती घेतली तर चालते. मालक खरोखरच परगावी असेल तर काय करावे, याबद्दल आमच्या धंद्यातही एकमत नाही.

इंदिरानगरकर
सर्वांचे आभार. मी व्हिडिओ कॉलची विनंती केली, तर "कॅम्पमध्ये कॅमेरा चालत नाही" असे उत्तर आले. लॅम रोडवर भेटू म्हटल्यावर त्यांनी रक्कम २,१५० वरून १,००० केली, भेटीचे मात्र नाव काढले नाही. तो विषय मी सोडला आणि जाहिरात संकेतस्थळाला कळवली.

आता पाथर्डी फाट्याजवळची दुसरी गाडी पाहिली आहे. किंमत ४८ हजार. विक्रेत्यांनी घरी बोलावून गाडी दाखवली आणि चासी क्रमांकही जुळला, पण आरसी त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि पैसे ते स्वतःच्या खात्यात मागत आहेत. नाव जुळण्याची कसोटी इथे कशी लावायची?

पेठरोड_जुनी_दुचाकी
हा माणूस प्रामाणिक असू शकतो, पण आज तो तुम्हाला गाडी नावावर करून देऊ शकत नाही. आधी त्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून फॉर्म ३१ वर गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर द्यावी. आई किंवा बहीण-भाऊ असतील तर त्यांची संमती आहे का, हे त्यांच्याशीच बोलून घ्या. त्यांची आरसी नव्या नावाने येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. गाडी राखून ठेवायची असेल तर तसे तोंडी सांगा, आणि थांबायला ते तयार नसतील तर दुसरी गाडी पाहा.