विषय: सात टक्के व्याजाचं खातं आणि माझं गणित

निखिल:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या फराळाच्या मेलांमध्ये हा मधेच घुसवतोय, सॉरी. पुण्यातल्या एका बँकेत माझं एनआरई सेव्हिंग्ज आहे. त्यांचा रेट असा आहे की 1 लाखापर्यंत 3 टक्के, 1 ते 5 लाख 5 टक्के आणि 5 लाखाच्या वर 7 टक्के. माझे 8 लाख आहेत म्हणजे मी 7 टक्क्यात बसतो ना? जुलै ते सप्टेंबरच्या 92 दिवसांचे साधारण 14,115 रुपये यायला हवे होते, जमा झाले 9,940. फोन लावला तर पलीकडून एकच, सर ते सिस्टीम जनरेटेड आहे. कोणी सांगेल का?

मेधा:
अरे टीडीएस कापला असणार! माझ्या खात्यात दर वेळी 31.2 टक्के जातात. 14,115 मधून तेवढे काढून बघ, 9,711 येतात, जवळपास तेच की. भारतात रिटर्न भर म्हणजे परत मिळतील.

श्रीधरकाका:
मेधा, तुझं एनआरओ आहे, त्यावर कापतात. निखिलचं एनआरई आहे, त्याच्या व्याजावर भारतात टॅक्सच नाही, मग टीडीएस कुठला (अमेरिकेत मात्र ते दाखवावं लागतं, ते विसरू नकोस रे). आणि टीडीएस कापला तर स्टेटमेंटमध्ये त्याची वेगळी एंट्री दिसते. आकडे जवळ आले म्हणून कारण तेच असतं असं नाही, ब्रँचमध्ये बसायचो तेव्हा अशा जवळपासनीच सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय.

निखिल, तुझी चूक आधीच आहे. सगळ्या 8 लाखांना 7 टक्के नाहीत. पहिल्या लाखाला 3 टक्के, म्हणजे वर्षाला 3,000. पुढच्या 4 लाखांना 5 टक्के, ते 20,000. फक्त वरच्या 3 लाखांना 7, ते 21,000. एकूण 44,000, म्हणजे सरासरी साडेपाच टक्के पडले, जाहिरातीतले सात नाहीत. काही बँका सगळ्याच रकमेला वरचा रेट देतात, म्हणून रेटच्या तक्त्याखालची बारीक टीप वाचायची, तिथे 'इन्क्रिमेंटल बॅलन्स' असं काही लिहिलंय का बघ, म्हणजे ज्या त्या थराला त्याचाच रेट.

पण 44,000 चे 92 दिवसांचे 11,090 होतात, तुला 9,940 आलेत. अजून 1,150 कमी आहेत. मधे पैसे काढले होतेस का?

निखिल:
हो काका! भावाला फ्लॅटच्या बुकिंगला 3 लाख दिले होते, 1 ऑगस्टला गेले आणि 21 ला परत टाकले. पण 20 दिवस तर होते, त्याने एवढा फरक?

श्रीधरकाका:
मग जुळलं. 2010 पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर काढतात, पूर्वी महिन्याच्या 10 तारखेनंतरची सगळ्यात कमी शिल्लक धरायचे, तेव्हा तर तुझा अख्खा ऑगस्ट 5 लाखांवरच मोजला गेला असता. आता 20 दिवसच गेले, पण बघ, तू काढलेस ते वरचे 3 लाख, म्हणजे 7 टक्क्यांचा थर गेला, साडेपाचचा नाही. 21,000 भागिले 365 गुणिले 20 केलं की 1,150 रुपये 68 पैसे. 11,090 मधून वजा कर, रुपयात राऊंड केलं की तुझे 9,940 येतात. बँक चुकली नाही.

सुहास:
इंटरेस्टिंग. मग निखिल, निम्मे पैसे बायकोच्या नावाने त्याच बँकेत टाक ना, दोन खाती झाली की दोघांनाही व्याज, आणि ठेवीचा विमाही दोघांना मिळेल.

श्रीधरकाका:
सुहास, विम्याचं बरोबर आहे, व्याजाचं उलटं आहे. चार-चार लाख केले की 7 टक्क्यांचा थर कोणालाच लागत नाही. प्रत्येकी 3,000 अधिक 15,000, म्हणजे 18,000, दोघांचे मिळून 36,000. वर्षाला 8,000 गेले, कारण 3 आणि 5 टक्क्यांचे थर दोनदा भरावे लागतात. पण विमा एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच, त्यातही व्याज धरून, म्हणजे आत्ता निखिलचे 3 लाख उघडे आहेत हेही खरं.

निखिल:
म्हणजे 8,000 चा प्रीमियम भरून झोप विकत घ्यायची? की 3 लाखांची एनआरई एफडी करू?

श्रीधरकाका:
त्याच बँकेत केलीस तर विमा वाढत नाही, एफडीही त्याच 5 लाखांत मोजतात. दुसरीकडे करणार असशील तर रेट 7 च्या वर आहे का ते बघ, साडेपाचशी तुलना करू नकोस, निघणार ते वरचेच पैसे. आणि वर्षाच्या आत मोडलीस तर व्याज शून्य, भावाचा दुसरा हप्ता कधी आहे ते आधी विचार.

निखिल:
मार्चमध्ये 😅

मेधा:
बरं, माझ्या एनआरओचं कुणी बघणार आहे का?