मदत हवी आहे: सीओपीडीचा केअर प्लॅन, १५ पैकी ५ मार्क

अक्षता_सोलापूर
जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रिलिमला ही केस आली होती: वय ६२, यंत्रमागावर ३५ वर्षं काम, बिडी ओढतात. चार दिवसांपासून दम वाढलाय, बेडका घट्ट आणि पिवळा, खोकून बाहेर पडत नाही. श्वास मिनिटाला २८, सॅच्युरेशन ८५, छातीत घरघर, पुढं वाकून बसतात, एक वाक्यही सलग बोलवत नाही. दोन्ही पायांवर सूज. डॉक्टरांचं निदान सीओपीडी.

मी डायग्नोसिस लिहिलं, ‘बिडीमुळे सीओपीडी’. गोल, ‘रुग्णाला बरं वाटेल, सॅच्युरेशन ९८ होईल’. इंटरव्हेन्शनमध्ये ऑक्सिजन, रोज ३ लिटर पाणी आणि मानसिक आधार. मॅडमनी ९८ ला लाल गोल केलाय. विचारायची हिंमत झाली नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, कुणीतरी समजावून सांगा.

नितीन_स्टाफ
सीओपीडी हे डॉक्टरांचं निदान आहे, ते नर्सिंग डायग्नोसिस म्हणून चालत नाही. ‘इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज’ लिही. पण ९८ मध्ये काय चुकलं ते मलाही कळेना. ८५ आहे म्हटल्यावर मास्क लावून १० लिटर सोडायचं की.

सुनीता_क
नितीन, पहिलं बरोबर सांगितलंस. पण या रुग्णाला न मोजता १० लिटर सोडू नकोस. जुन्या सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. ऑक्सिजन जास्त झाला की तो आणखी वाढतो. डोकं दुखतं, माणूस पेंगायला लागतो, बोलणं असंबद्ध होतं. आणि मॉनिटरवर ९८ दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो! म्हणून इथं ८८ ते ९२ धरायचं. ऑर्डरप्रमाणे व्हेंचुरी मास्क २४ किंवा २८ टक्क्यांचा, आणि दर तासाला सॅच्युरेशनसोबत रुग्ण किती जागा आहे तेही लिहायचं.

अक्षता, आता डायग्नोसिस. बिडीची सवय तुला आठ तासांच्या ड्युटीत बदलता येणार नाही. घट्ट बेडका मात्र तुझ्या हातात आहे. म्हणून कारण तिथून घे: ‘इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स, रिलेटेड टू घट्ट स्राव आणि कमजोर खोकला, अ‍ॅज एव्हिडन्स्ड बाय घरघर, श्वास २८, बेडका बाहेर न पडणं’. पुरावे सगळे प्रश्नातच आहेत, पदरचं काही घालू नकोस.

गोल असा, की ड्युटी संपताना हो किंवा नाही म्हणता यावं: ‘आठ तासांत रुग्ण स्वतः खोकून बेडका काढेल, श्वास २४ च्या आत येईल, सॅच्युरेशन ८८ ते ९२ राहील’. ‘बरं वाटेल’ हे इव्हॅल्युएशनला मोजणार कशानं?

इंटरव्हेन्शनचा क्रमही बघतात. समोर टेबलावर उशी देऊन पुढं टेकून बसवायचं. ऑर्डरचं नेब्युलायझेशन जेवणाआधी द्यायचं, मग १५-२० मिनिटांनी तोंड उघडं ठेवून ‘हाह्’ करत खोकायला शिकवायचं. त्यानंतर छाती पुन्हा ऐकून बेडक्याचा रंग आणि प्रमाण नोंदवायचं. प्रत्येकापुढं ‘का’ लिही. माझ्या अनुभवात अर्धे मार्क त्या रकान्यात जातात.

रेश्मा_पूर्वभाग
माझ्या वडिलांनाही हेच आहे, घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. दम लागला की भाऊ नळी वाढवतो. मग वाढवायचं नाही का?

सुनीता_क
रेश्माताई, हा धागा परीक्षेच्या उत्तराचा आहे, पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला फ्लो आपल्या मनानं वाढवू नका. नेहमीपेक्षा दम जास्त वाटला, ते पेंगुळले किंवा ओठ निळे दिसले तर थेट दवाखाना गाठा.

अक्षता_सोलापूर
आता ९८ चं कळलं, ताई. पण ३ लिटर पाणी? बेडका पातळ होतो म्हणून गाईडमध्ये आहे.

सुनीता_क
गाईडमधल्या रुग्णाचे पाय सुजलेले नाहीत. तुझ्या प्रश्नात ती सूज उगाच दिलेली नाही. फुप्फुसाच्या जुन्या आजारानं हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येत असेल, तर ३ लिटर त्याला जड जाईल. ‘डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत कोमट पाणी थोडं थोडं, इनटेक-आउटपुट आणि रोज वजन’ असं लिही.

नितीन_स्टाफ
ऑक्सिजनचं माझं चुकलं, मान्य. पण पहिला नंबर अजूनही गॅस एक्स्चेंजलाच देईन. ८५ दिसत असताना बेडका आधी कसा?

सुनीता_क
वाट मोकळी झाल्याशिवाय हवा आत जाणार कशी, म्हणून मी एअरवे वर ठेवते. इथं एबीजी दिलेला नाही, त्यामुळे गॅस एक्स्चेंजला पुरावा कमी पडतो. मात्र तुझ्यासारखं लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क देणारे परीक्षक मी पाहिलेत.

अक्षता_सोलापूर
मी एअरवे पहिला आणि गॅस एक्स्चेंज दुसरा लिहून बघते. आज रात्री पूर्ण प्लॅन इथं टाकते. नितीनदादा, तुम्हीही तपासा.