सल्लागारपदासाठी बाबांचा एक पानी परिचय: चारशे कोटी लिहावेत की गाळावेत?

केतकी_पुणे
बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 34 वर्षं, त्यातली शेवटची नऊ खरेदी विभागाचे उपाध्यक्ष. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका न्यासाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलंय. विश्वस्तांच्या बैठकीपुढे ठेवायला एक पानी परिचय हवाय. बाबांनी सुरुवात अशी केलीय: "चारशे कोटींच्या वार्षिक खरेदीचे नेतृत्व. धोरणात्मक खर्चकपात व आंतरराष्ट्रीय पुरवठा साखळीचा प्रदीर्घ अनुभव. दोनदा अध्यक्ष पुरस्कार." मला खटकतंय, भावाला भारदस्त वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?

दुष्काळी_वारा
भाऊ बरोबर आहे. कंपन्यांचे सीएसआरवाले आधी मंडळावर कोण आहे ते बघतात. उपाध्यक्ष, चारशे कोटी हे वाचलं की फाइल पुढे सरकते. उगाच नम्रपणा दाखवून न्यासाचंच नुकसान कशाला?

गोदाकाठ
मी अशाच एका वसतिगृहाची 11 वर्षं चिटणीस होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा परिचय कंपनीपुढे नाही, विश्वस्तांपुढे जाणार आहे. त्यात बहुधा एक निवृत्त शिक्षक, एक वकील, गावातला एखादा डॉक्टर असेल. चारशे कोटी वाचून ते दबतील, आणि दबलेली माणसं प्रश्न विचारत नाहीत. या माणसाला आपण नेमकं काय विचारायचं, हे त्यांना त्या पानावरून कळायला हवं.

आता "खर्चकपात" घ्या. दिवाळीच्या आसपास टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की वसतिगृह भरतं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, भरलेलं राहतं. समजा 120 मुलं, सहा महिने. दोन वेळचं वरण, दर वेळी माणशी 30 ग्रॅम डाळीचं धरलं तर दिवसाला सात किलोच्या थोडं वर, हंगामात साधारण 13 क्विंटल तूरडाळ. बाबांनी घासाघीस करून किलोमागे पाच रुपये कमी करून दिले, तर सगळ्या हंगामात वाचले साडेसहा हजार. वाईट नाही. पण अनुदान वेळेवर येत नाही. आमचं एका वर्षी ऑगस्टात आलं. तोपर्यंत तालुक्याच्या किराणा दुकानदाराने उधारीवर पोरं जगवली होती.

आमच्याकडे एक साहेब आले होते, खरेदीतलेच. पहिल्याच बैठकीत म्हणाले, तीन दरपत्रकं मागवा आणि सर्वांत स्वस्त घ्या. मागवली. स्वस्तवाला रोखीशिवाय पोतं उतरवेना आणि जुना दुकानदार दुखावला तो दुखावलाच. जानेवारीत विश्वस्तांना स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागले. साहेबांची चूक एवढीच, की भाव पाहिला आणि उधारीची किंमत धरली नाही.

म्हणून केतकी, बाबांना विचारा: छोट्या पुरवठादाराचे पैसे अडकले तेव्हा त्यांनी कधी काय केलं? असा एक प्रसंग त्या पानावर हवा.

मोडीवाचक
एक महत्त्वाचं राहिलं. न्यासात कोणीही नवीन आलं की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, सल्लागाराचासुद्धा. त्यामुळे परिचयात शिक्षण, जन्मतारीख, पत्ता सगळं रीतसर द्या.

गोदाकाठ
@मोडीवाचक, 90 दिवस बरोबर, पण ते विश्वस्तांसाठी. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असलेल्या माहितीत बदल झाला की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खाली कळवायचं असतं. सल्लागाराचं नाव त्या नोंदवहीत सहसा नसतंच. पण न्यासाच्या घटनेत सल्लागार कार्यकारिणीचा भाग धरला असेल तर गोष्ट वेगळी. केतकी, घटनेची प्रत मागून घ्या. सल्लागाराला मत आहे का, गणपूर्तीत तो धरतात का, एवढं बघा. मत नसेल तर "मंडळावर नियुक्त" असं लिहू नका, "सल्लागार, मताधिकाराविना" असं लिहा. उद्या लेटरहेडवर विश्वस्तांच्या ओळीत नाव छापलं, तर देणगीदार बाबांनाच जबाबदार धरून फोन करतील.

निवृत्त_मुनीम
मीही बँकेतून निवृत्त झाल्यावर बायोडाटा केला होता, चार पानी. तीन ठिकाणी दिला, कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. सरळ विचारतो, मानधन किती देतात? ते आधी ठरवून घ्या, नंतर मागायला लाज वाटते.

केतकी_पुणे
@मुनीमकाका, मानधन नाही, नोकरीही नाही. जाण्यायेण्याचा खर्च देतो म्हणालेत, बाबा तोही नको म्हणतात.

निवृत्त_मुनीम
तो तरी घ्यावा. मी फुकट काम केलं तिथे माझं कुणी ऐकलं नाही.

केतकी_पुणे
काल रात्री बाबांना गोदाकाठताईंचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आम्ही पुरवठादार 140 वरून 60 वर आणले, त्याचाच पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी उरलेल्यांपैकी एक भोसरीचा बुश बनवणारा बंद पडला आणि असेंब्ली चार दिवस उभी राहिली, कारण त्याच्या जोडीचा दुसरा आम्हीच काढून टाकला होता. त्यानंतर त्यांनी लहान पुरवठादारांचं बिल 15 दिवसांत देण्याची पद्धत लावली. हे मला आजवर माहीतच नव्हतं. नवा मसुदा:

"34 वर्षे कारखान्याच्या खरेदी विभागात. पुरवठादार कमी करण्याची मोहीम राबवली; त्यातून एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याची चूक झाली व उत्पादन चार दिवस थांबले. नंतर लहान पुरवठादारांची देणी 15 दिवसांत देण्याची पद्धत बसवली. मदत करू शकतो: हंगामाआधीचा खरेदी अंदाज, साठ्याची नोंद, दुकानदाराशी उधारीची लेखी बोली. अनुभव नाही: निवासी शाळा, शासकीय अनुदान, निधी संकलन. वेळ: महिन्यातून दोन दिवस, त्यातला एक वसतिगृहावर."

दुष्काळी_वारा
अहो, चूक कोण लिहितं परिचयात? आणि "निधी संकलनाचा अनुभव नाही" म्हणजे दार स्वतःच बंद केलं. मी देणगीदार असतो तर इथेच पान उलटलं असतं. पुरस्कार तरी ठेवा.

गोदाकाठ
मला "अनुभव नाही" ही ओळ सगळ्यांत आवडली. ती नसली की पहिल्याच बैठकीत "साहेब, तुमच्या जुन्या कंपनीकडून काही मिळेल का" हा विषय निघतो. चुकीबद्दल मात्र वाऱ्यांचं थोडं पटतं. बैठकीपुढच्या पानावर ती असू द्या, अहवालात छापायचा परिचय दोन ओळींचा वेगळा करा. तिथे पद आणि वर्षं पुरे.

आणखी एक ओळ मात्र हवीच. जुन्या कंपनीकडून न्यासाला सीएसआर निधी मिळतो का, किंवा न्यासाला माल पुरवणारं कुणी नात्यातलं आहे का? असेल तर आताच लिहून द्या आणि त्या विषयाच्या चर्चेत बसणार नाही असंही म्हणा. नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं की सरळ व्यवहारालाही वास येतो.

केतकी_पुणे
इथेच घोळ आहे. कंपनी काही देत नाही, पण माझ्या मावसभावाचं माजलगावला धान्याचं दुकान आहे, आणि बाबांच्या मनात डाळ त्याच्याकडूनच, चार रुपये स्वस्त, असं होतं. आजच बोललेत.

दुष्काळी_वारा
मग काय बिघडलं? न्यासाचे पैसेच वाचतात. घरचा माणूस उधारीही देईल.

गोदाकाठ
देईलही. पण पुढच्या वर्षी त्याचा भाव वाढला तर "महाग पडतंय" असं बैठकीत कोण म्हणणार? साहेबांच्या समोर?

मोडीवाचक
नातेवाइकाला न्यासाकडून फायदा गेला तर आयकराची सवलत जाते ना?

गोदाकाठ
विश्वस्ताच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त पैसे गेले तर तेवढ्या रकमेपुरता तो धोका आहे. बाजारभावाने किंवा कमी दराने घेतलेल्या मालाचं तसं नाही, पण वाजवी होतं हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. बाबा सल्लागार असताना हे कसं बघतील, ते न्यासाच्या लेखापरीक्षकालाच विचारा. तोवर परिचयात "माजलगाव येथील एक धान्य व्यापारी जवळचे नातेवाईक" हे सात शब्द टाका.

केतकी_पुणे
बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग डाळीवर मी बोलायचंच नाही, तर मी जाऊन करणार काय?" आणि मसुदा घेऊन गच्चीत जाऊन बसलेत.