बसवण्णांचं भांडण देवळाशी की जातीशी?

कल्याणवाट (मूळ पोस्ट): बाराव्या शतकातल्या लिंगायत संत बसवण्णांचा विरोध देवळातल्या कर्मकांडाला होता. जातिनिर्मूलन आजच्या लोकांनी त्यांच्या तोंडी घातलंय.

तुंगभद्रा: ही दोन भांडणं वेगळी काढून दाखवाच. गाभाऱ्यापर्यंत कोण जाणार हे जन्मावर ठरत होतं. शिवाचं छोटं इष्टलिंग गळ्यात आलं, तळहातावर घेऊन पूजा होऊ लागली, की गाभाराही नको आणि मध्ये पुजारीही नको. बसवण्णांच्या वाटेवरच्या शरणांनी पाच सुतकं नाकारली: जन्माचं, मृत्यूचं, विटाळाचं, उष्ट्याचं, आणि त्याच रांगेत जातीचं. हरळय्या चांभाराच्या मुलाशी मधुवरस ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न लागलं, म्हणून कल्याणच्या बिज्जल राजाने दोन्ही बापांचे हाल केले. ते काय आरतीवरून?

भीमाकाठ: समकालीन लेखात दाखवा ते लग्न. बसवण्णांचा उल्लेख असलेला अर्जुनवाडचा शिलालेख 1260 चा, म्हणजे कल्याणच्या धुमाळीनंतर नव्वदेक वर्षांनी. लग्नाचा तपशील पुढच्या ग्रंथांत वाढत गेला.

तुंगभद्रा: तपशील वाढला असेल, मान्य. पण मोठे लोक शिवालयं बांधतील, मी गरीब काय करू, माझा देहच देऊळ, हा बसवण्णांच्या वचनाचा आशय तर शिलालेखावर अवलंबून नाही ना?

पाटलांची सून: ग्रंथ राहू द्या. माझं स्थळ जुळत होतं, पत्रिका बघून झाली होती, दोन्हीकडे इष्टलिंग. मोडलं कशावरून? ते जंगम, आम्ही वाणी! कुठे गेलं ते जातीचं सुतक? आणि देऊळ नको म्हणता, मग सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर कुणाचं? शरण सिद्धरामांचंच ना?

गड्ड्याचा भक्त: सिद्धरामेश्वरांना मध्ये ओढू नका. संक्रांतीला सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत निघतात, वेगवेगळ्या समाजांना मान असतो. कुंभारकन्येचं लग्न योगदंडाशी लागतं. अक्षता टाकायला सगळं सोलापूर लोटतं, कुणी कुणाला जात विचारत नाही.

पाटलांची सून: मान समाजागणिक वाटलेत, हे तुम्हीच लिहिलंत. खांद्यावर काठी कुणाची हे ठरलेलं असतं की नाही?

गड्ड्याचा भक्त: ती परंपरा आहे, उच्चनीच नव्हे. लहानपणापासून अनवाणी चालतोय मी त्या मिरवणुकीत. बाहेरून बोलणं सोपं असतं.

तुंगभद्रा: सिद्धराम कल्याणला येण्याआधीच तळं खोदत होते, देवळं उभारत होते. ज्येष्ठ शरण अल्लमप्रभूंनी त्यावरूनच त्यांना टोचलं, आणि मग बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णांकडून त्यांनी लिंगदीक्षा घेतली, असं परंपरा सांगते. तरी त्यांची समाधी देवळाच्या आवारातच आहे. चळवळीला देऊळ पूर्ण सुटलं नाही, एवढं मी मानतो.

कल्याणवाट: चला, सुतकांच्या यादीत जात आहे, तेवढं मागे घेतो. पण पाटलांच्या सुनेचं स्थळ मोडणाऱ्यांना ती यादी कुणी शिकवलीच नाही, त्याचं काय?

पाटलांची सून: शिकवली होती हो. मुलाचा बाप प्रवचनं करायचा.